एमपीएससीची तयारी करणाऱ्या क्रशला मेसेज: लाडीगोडीही राहील आणि अभ्यासही मोडणार नाही

राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला महिना-दीड महिना उरलेला असतो. ती सकाळी सातला अभ्यासिकेत जाते आणि रात्री दहाला खोलीवर येते. अशा वेळी तिला मेसेज करणारे दोन टोकांना जातात. एक गट दिवसभर 'काय करतेस', 'जेवलीस का', 'मिस यू' करत राहतो. दुसरा गट 'डिस्टर्ब नको' म्हणून पूर्ण गप्प होतो आणि महिन्याभराने एकदम मनातलं सगळं ओतून मोकळा होतो. पहिल्याने तिचा रोजचा तास-दीड तास जातो, दुसऱ्याने एखादा आठवडा.

दोघांची चूक एकच आहे. मेसेज वाचून झाल्यावर तिच्या डोक्यात काय उरतं, याचा ते विचार करत नाहीत. वाचायला दहा सेकंद लागतात, पण 'त्याला असं का म्हणायचं असेल' हा प्रश्न पंचायत राज वाचतानाही तिच्यासोबत बसून राहतो. म्हणून या लेखातली सगळी कृती एका कसोटीवर बेतलेली आहे: तिने मेसेज वाचावा, हसावं आणि फोन पालथा घालावा. उत्तर द्यावं लागू नये, अर्थ लावत बसावं लागू नये.

लेखात समोरची व्यक्ती 'ती' धरली आहे आणि उदाहरण पुण्यातल्या अभ्यासिकेचं घेतलं आहे. तो मुलगा असेल किंवा संभाजीनगरला, लातूरला बसून अभ्यास करत असेल, तर क्रियापदं आणि मेसच्या वेळा तेवढ्या बदलतील.

## टप्पा १: आधी विचारा, मग पाठवा

पहिला मेसेज लाडीगोडीचा नसतो, परवानगीचा असतो. तो एकदाच पाठवायचा आणि त्यात सगळ्या अटी सांगून टाकायच्या:

"परीक्षेपर्यंत आठवड्यातून तीन-चारदा एखादा टवाळ मेसेज टाकेन. उत्तर द्यायचं नाही, म्युट केलंस तरी राग नाही. नको असेल तर 'नको' एवढंच लिही, विषय संपला."

यात तीन गोष्टी आहेत. किती मेसेज येणार हे तिला कळलं. उत्तर न दिल्याने कुणी रुसणार नाही हे कळलं. आणि नकार द्यायला एका शब्दाची वाट ठेवली. ही तिसरी गोष्ट बरेच जण गाळतात, आणि मग ती भिडेखातर 'हो' म्हणते.

उत्तर कसं वाचायचं? "चालेल, पण फार टवाळ नको हं" हा होकार. "बघू", "हं", नुसता अंगठा किंवा दोन दिवस शांतता, हे सगळे नकारच समजायचे. 'तिला कदाचित आवडत असेल पण ती लाजते' असा सोयीचा अर्थ काढू नका. मुलगा मुलीला लिहीत असेल तर हे जास्तच काटेकोर पाळा. तयारी करणाऱ्या मुलींचे नंबर टेलिग्राम ग्रुपवरून उचलून मेसेज करणारे महाभाग कमी नसतात, आणि अशांमध्ये तुमची गणना व्हायला एक आगाऊ मेसेज पुरतो.

होकार आला की तिच्या दिवसाची माहिती करून घ्या. चौकशी करून नव्हे, ती आधी जे बोलली आहे त्यातून. दुपारी मेसमध्ये कधी जाते, संध्याकाळचा चहा कधी, रात्रीचं जेवण कधी, टेस्ट सिरीजचे पेपर कोणत्या वारी असतात आणि अभ्यासाच्या वेळी फोन कुठे असतो. फोन बॅगेत किंवा खोलीवर ठेवत असेल तर तुमचं काम सोपं. टेबलावर समोरच असेल तर वेळेचा नियम दुप्पट कडक पाळावा लागेल.

इशारा: 'तू मला आवडतेस, तुझं काय?' हे अजून विचारलं नसेल तर पूर्व परीक्षेच्या आधी विचारू नका. तो प्रश्न हो-नाही मागतो, आणि हो असो वा नाही, दोन्हीचा हिशोब तिला त्याच आठवड्यात करावा लागतो. तुमच्या मनातला कल तिला मेसेजच्या सुरावरून कळेलच. तेवढं पुरे.

## टप्पा २: आपला फोन लावून घ्या

हा टप्पा तुमच्यासाठी आहे. पाठवणाऱ्याची घालमेल शेवटी समोरच्याच्या फोनवर जाऊन पडते: निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही, मग 'बिझी?' असा दुसरा मेसेज, मग 'ओके' असा तिसरा.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन रीड रिसीट्स बंद करा. तुमच्या बंद झाल्या की तुम्हालाही समोरच्याच्या निळ्या टिका दिसत नाहीत. लास्ट सीनचंही तसंच आहे: स्वतःचं लपवलं की दुसऱ्याचं दिसत नाही. ती रात्री एकला ऑनलाइन होती का, हे तुम्हाला कळायची गरजच नाही. ती तेव्हा चालू घडामोडींची पीडीएफ उतरवत असेल.

व्हॉइस नोटला मात्र हे लागू होत नाही. रीड रिसीट्स बंद असल्या तरी व्हॉइस नोट ऐकली की पाठवणाऱ्याला ते दिसतं. तसंही या काळात व्हॉइस नोट टाळाच. ती ऐकायला इअरफोन शोधावे लागतात, अभ्यासिकेतून बाहेर यावं लागतं, आणि एकदा बाहेर आलं की कट्ट्यावर कुणीतरी भेटतंच.

तपासणी: पाठवलेला मेसेज पुसू नका. 'मेसेज डिलीट केला' ही खूण मागे राहते आणि काय लिहिलं होतं याचं कुतूहल मेसेजपेक्षा जास्त वेळ खातं. चूक झालीच असेल तर १५ मिनिटांच्या आत तो एडिट करता येतो. त्याहून बरं म्हणजे मेसेज आधी नोट्समध्ये लिहायचा, दहा मिनिटांनी वाचायचा आणि मग पाठवायचा.

## टप्पा ३: वेळ पक्की, वार मोकळे

सगळ्यात चांगली वेळ रात्रीच्या जेवणाची, म्हणजे साधारण साडेआठ ते नऊ. डोकं तसंही अभ्यासातून बाहेर आलेलं असतं, हातात फोन असतो आणि मेसमध्ये ताट येईपर्यंत पाच मिनिटं मोकळी असतात. दुसरी वेळ संध्याकाळच्या चहाची.

सकाळी सहाचा 'गुड मॉर्निंग' वाईट, कारण दिवसाची पहिली गोष्ट म्हणून फोन हातात येतो आणि तुमच्या मेसेजच्या खाली आणखी चाळीस ग्रुप वाट बघत असतात. रात्री अकरानंतरचा मेसेज त्याहून वाईट. थकलेलं डोकं साध्या वाक्याचे चार अर्थ काढतं आणि झोप पुढे जाते.

इथे एक बारकी गोष्ट आहे आणि ती जवळजवळ सगळ्यांची चुकते. वेळ ठरलेली हवी, पण मेसेज रोज नको. रोज पावणेनऊला मेसेज आला की आठवड्याभरात साडेआठपासून लक्ष फोनकडे जायला लागतं, आणि एक दिवस मेसेज चुकला की 'काय झालं असेल' सुरू होतं. म्हणून आठवड्यातून तीन किंवा चार, कुठल्याही वारी, पण त्याच अर्ध्या तासात. मेसेज आलाच तर जेवताना येणार हे तिला माहीत असतं, त्यामुळे बाकीच्या दिवशी ती वाट बघत बसत नाही. पहिल्या मेसेजमध्येच 'एखाद्या दिवशी नसला तर काही झालेलं नाही' एवढं सांगून ठेवा.

## टप्पा ४: मेसेजची बांधणी

मेसेज २५ शब्दांच्या आसपास ठेवा. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनमध्येच तो जवळपास पूर्ण दिसला पाहिजे. ॲप न उघडता वाचता आला तर बाकीच्या चॅट तिच्या नजरेला पडत नाहीत.

त्याचे तीन भाग असतात: तिच्या दिवसातली एखादी खरी गोष्ट, तिच्यावरून चिमूटभर टवाळी, आणि दार लावून घेणारा शेवट. प्रश्नचिन्ह नाही, तीन टिंबं नाहीत. 'एक सांगायचं होतं, जाऊ दे, नंतर सांगेन' हे तर अजिबात नाही. अर्धवट सोडलेलं वाक्य दिवसभर डोक्यात घुटमळतं.

एक मेसेज घडवून बघू. समजा, परवा ती म्हणाली होती की आज पंचायत राज संपवायचं आहे. पहिला खर्डा साधारण असा होतो:

"काय करतेस? झालं का पंचायत राज? मिस यू यार... तुला एक गोष्ट सांगायचीये, परीक्षेनंतर सांगेन 😉"

दोन प्रश्न, म्हणजे दोन उत्तरं देणं आलं. त्यात पंचायत राज झालं नसेल तर तसं कबूल करणं आलं. 'मिस यू' म्हटल्यावर ती वेळ देत नाही याची बोच आली. आणि शेवटचं वाक्य तर टांगणीलाच लावतं. हे कळल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो:

"मन लावून अभ्यास कर. तू नक्की पास होणार, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

हा काकांचा मेसेज झाला. टवाळी गेली आणि अपेक्षेचं ओझं मात्र आलं. आता तिसरा खर्डा:

"आज पंचायत राजचा दिवस ना. ७३वी घटनादुरुस्ती तुझ्या तोंडून ऐकायला मी तिकीट काढून येईन. आता गरम आहे तोवर जेव, उत्तर नको."

तिचं बोलणं लक्षात राहिलं हे पहिल्या वाक्यात आलं. दुसऱ्यात 'तुझं बोलणं ऐकत बसायला आवडतं' हे न म्हणता म्हटलं गेलं. तिसऱ्यात दार लागलं. 'संपलं का' असं कुठेही विचारलेलं नाही, त्यामुळे पंचायत राज अर्धंच झालं असलं तरी मेसेज टोचत नाही.

### अभ्यासक्रमातून काढलेली टवाळी

तयारी करणाऱ्याला शेरोशायरीपेक्षा त्याच्याच पुस्तकातला विनोद जास्त भावतो, कारण त्यासाठी डोक्यातला विषय बदलावा लागत नाही. काही नमुने:

"कलम १९ ने देशभर कुठेही फिरायचं स्वातंत्र्य दिलंय, तरी माझं मन सदाशिव पेठेच्या बाहेर जायला तयार नाही. राहू दे त्याला तिथे, तू वाच."

"कळसूबाई १६४६ मीटर. तुझ्या नाकावरचा राग त्याहून दोन मीटर उंच. दोन्ही शिखरं आपल्याला आवडतात. शुभ रात्री."

"सीसॅटमध्ये निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नसतं. तुझ्यावर लाइन मारायचा निर्णय मी त्याच भरवशावर घेतलाय."

शेवटचा नमुना तुमचा कल तिला आधीपासून माहीत असेल तरच पाठवा.

इशारा: अशा मेसेजमधली माहिती शंभर टक्के बरोबर हवी. चुकीचं कलम लिहिलंत तर ती दुरुस्त करणार, तुम्ही वाद घालणार आणि मेसची भाजी थंड होणार. त्याहून वाईट म्हणजे विनोदात वाचलेली चुकीची माहितीच नेमकी पेपरात आठवते. आयोगाच्या उत्तरतालिकेत ज्यावर वाद होतात असे मुद्दे आणि ताज्या घडामोडी यांना हात लावू नका. दहावीच्या पुस्तकात सापडेल एवढंच वापरा.

### कशाचं कौतुक करायचं

'भावी उपजिल्हाधिकारी', 'मॅडम, गाडीवर दिवा कधी', 'क्लास वन बाई' ही संबोधनं लाडाची वाटतात, पण तिला गावाकडून, नातेवाइकांकडून हेच रोज ऐकू येतं. जागा मोजक्या आणि अर्ज लाखांत, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पदाच्या नावाने हाक मारली की पद मिळालं नाही तर ही हाकही जाईल, असं कुठेतरी वाटून जातं. कौतुक करायचंच तर पदाशी संबंध नसलेल्या गोष्टीचं करा: नकाशा काढताना जीभ बाहेर काढायची तिची सवय, पाच रंगांचे हायलायटर, वैतागल्यावर मालवणीत शिव्या देणं. निकाल काहीही लागला तरी या गोष्टी तिच्याच राहतात.

टेस्टचे मार्क, अभ्यासाचे तास, 'तुझ्या रूममेटचं झालं म्हणे' असली तुलना आणि 'अभ्यासिकेत तुझ्या शेजारी कोण बसतं' ही चौकशी, हे चार विषय पूर्ण बंद.

## टप्पा ५: उत्तर आलं तर, नाही आलं तर

उत्तर आलं नाही तर काहीच करायचं नाही. तसं ठरलंच होतं. दोन आठवड्यांत एकाही मेसेजला साधी स्मायलीसुद्धा आली नाही, तर आठवड्याला एकावर या. पुढेही शांतताच असेल तर थांबा, आणि थांबताना 'ठीक आहे, आता त्रास देणार नाही' असा रुसका निरोप लिहू नका.

उत्तर आलं तर एक प्रत्युत्तर द्या आणि तिथेच थांबा. खरी परीक्षा तिने स्वतःहून गप्पा वाढवल्या की होते. अभ्यासाचा कंटाळा आलेला असतो, तुम्ही मजेशीर बोलता, पाऊण तास कुठे गेला कळत नाही. मजा दोघांनाही येते, पण रात्री पुस्तक मिटताना तिच्या मनात तुमच्या नावापुढे 'वेळ गेला' अशी नोंद होते. म्हणून दहा मिनिटांनी तुम्हीच निघा, आणि निघताना कारण स्वतःचं द्या: "कुकर लावायचाय, पळ आता तूही." 'चल, तू अभ्यासाला बस' म्हणू नका. त्या वाक्याने तुम्ही क्षणात तिच्या आईच्या जागी जाता, आणि आईशी कुणी फ्लर्ट करत नाही.

## टप्पा ६: वाईट दिवस

टेस्ट सिरीजचा पेपर झाला की रात्री मेसेज येऊ शकतो: "आज ७८. कट-ऑफच्या आसपासही नाही."

आधी हा आकडा समजून घ्या. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण असतात. बरोबर उत्तराला २ गुण, चुकलेल्याला अर्धा गुण वजा. ७८ म्हणजे समजा ५० बरोबर आणि ४४ चूक: १०० मधून २२ गेले. म्हणजे तिला निम्मा पेपर येत होता आणि तिने जवळजवळ एकही प्रश्न सोडला नव्हता. हे तुम्हाला एवढ्यासाठी कळायला हवं, की 'अगं, २०० पैकी ७८ म्हणजे नापास नाही' किंवा 'एवढे कमी कसे' असलं काही तोंडातून जाऊ नये. विश्लेषण तिला पाठवायचं नाही. कुठले ४४ चुकले हे ती उद्या सकाळी बघेल, तुमच्यापेक्षा नीट बघेल.

पहिलं वाक्य टवाळीचं नको. आधी जे झालं ते तसंच्या तसं मान्य करा, मग हलकेच वळा:

"बेकार दिवस. आज पेपर बंद, जेवण चालू. आणि माझा कट-ऑफ तू कधीच पार केलायस, तिथे निगेटिव्ह मार्किंग पण नाही."

तिला बोलायचं असेल तर ती पुढे लिहील. मग मात्र दहा मिनिटांचा नियम बाजूला ठेवा आणि ऐका. मेसेजऐवजी एक फोन बरा. वीस मिनिटांत मन मोकळं होतं, चॅटवर त्यालाच दीड तास लागतो.

इशारा: एक पेपर वाईट जाणं वेगळं आणि रोज झोप न लागणं, जेवण सुटणं, 'आता जगून काय करू' असं बोलणं वेगळं. हे दिसलं की टवाळी तिथेच थांबवा. फोन करा, तिच्या रूममेटला किंवा घरच्यांना सांगा, आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर द्या. ही सरकारी मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. तिला एकटं सोडून 'स्पेस' देण्याची ही वेळ नव्हे.

परीक्षेची तारीख पुढे गेली, तर 'बरं झालं, वेळ मिळाला' म्हणू नका आणि 'चल मग, सिंहगडावर जाऊ' असंही नको. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, घरी द्यायचं उत्तर, सगळंच लांबलेलं असतं. एक दिवस गप्प राहा. दुसऱ्या दिवशी "आयोगाच्या नावाने शिव्या द्यायच्या असतील तर मी श्रोता आहे" एवढं बास.

## टप्पा ७: शेवटचे सात दिवस आणि परीक्षेचा दिवस

शेवटच्या आठवड्यात मेसेज निम्म्यावर आणा: जास्तीत जास्त दोन. अभ्यासक्रमातले विनोद आता बंद करा. उजळणीच्या दिवसांत एखादं कलम नजरेला पडलं आणि आठवलं नाही, की तेवढ्यानेही धस्स होतं. मेसेज हलका आणि विषयाबाहेरचा असू द्या.

आदल्या दिवशीचा मेसेज संध्याकाळी सात-साडेसातच्या आत जावा. प्रवेशपत्राची प्रिंट, मूळ ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, काळं बॉलपेन, केंद्राचा पत्ता याची आठवण घरचे करतातच. तुम्ही त्यात भर घालू नका. तिला केंद्रावर सोडायचं तुमच्याकडे ठरलं असेल, तर मात्र फक्त कामाचं लिहा: "उद्या सव्वासातला खाली. हेल्मेट दोन आणतोय." लिहिणारी मुलगी असेल तर 'आणतेय'. असं ठरलं नसेल, तर:

"उद्या निवांत जा. पेपर कसा गेला हे मी विचारणार नाही. जेवायला काय घेऊन येऊ एवढंच विचारेन, तेही संध्याकाळी."

'कसा गेला' विचारणारे तिला उद्या वीस जण भेटणार आहेत. न विचारणारा एक आहे, हे आदल्या रात्री कळलं तर बरं वाटतं.

परीक्षेच्या सकाळी मेसेज नको. आणि दोन पेपरांच्या मधल्या वेळेत तर मुळीच नको. सकाळी सामान्य अध्ययन, दुपारी सीसॅट, दोन्ही दोन-दोन तासांचे. मधल्या सुट्टीत तुमचा 'कसा होता?' वाचायला तिने फोन चालू केला, की टेलिग्रामवर पहिल्या पेपरच्या उत्तरांची मारामारी सुरू झालेली दिसते. चार उत्तरं चुकल्याचं कळतं आणि ती तशीच सीसॅटला बसते. सीसॅट आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे २०० पैकी ६६ गुण लागतात. पण ते मिळाले नाहीत तर पहिला पेपर कितीही चांगला गेला असला तरी उपयोग नाही. उतारे वाचायला शांत डोकं लागतं, आणि ते शांत ठेवण्यात तुमचा वाटा म्हणजे ते तीन तास फोन खिशात ठेवणं.

## टप्पा ८: पेपरनंतर

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे जेवणाचं विचारा: "मिसळ की बिर्याणी?" या परीक्षेतला तुमचा पहिला प्रश्न हाच.

पुढचे काही दिवस उत्तरतालिकेचे असतात. आयोग आधी पहिली उत्तरतालिका लावतो, तिच्यावर हरकती घेतल्या जातात, मग अंतिम येते, आणि मधल्या काळात दोन-चार प्रश्न रद्द होऊन गुण इकडचे तिकडे होतात. ती रोज नव्याने बेरीज करेल. तुम्ही बेरीज करू नका, 'सेफ आहेस' असंही म्हणू नका. कट-ऑफ किती लागेल हे क्लासवाल्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मनातलं बोलायचं असेल तर पेपरच्या संध्याकाळी नको. ती थकलेली असते, आणि त्या रात्री दिलेलं कुठलंही उत्तर धरून चालण्यासारखं नसतं. पाच-सहा दिवस जाऊ द्या, झोप भरून निघू द्या. मग भेटून, चहावर, सरळ एका वाक्यात विचारा. मेसेजवर विचारायची वेळ आलीच तर दिवसा विचारा आणि उत्तरासाठी मुदत घालू नका.

ती म्हणाली की आता मुख्य परीक्षा होईपर्यंत काही नको, तर ते उत्तरच आहे. ते मान्य असेल तर पुन्हा टप्पा १ पासून सुरुवात करा, परवानगीसकट. जुनी परवानगी पूर्व परीक्षेपुरती होती. वेळही नव्याने ठरवावी लागेल: मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, त्यामुळे बरीच मुलं संध्याकाळी तीन-तीन तास उत्तरलेखनाचा सराव करतात, आणि मग रात्रीचं जेवण साडेआठऐवजी दहाला होतं.